आभाराचा कागद, नावानिशी

डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी आहे. दोन विंग, सात मजले, छप्पन्न घरं आणि प्रत्येक विंगला एक लिफ्ट. मी सेक्रेटरी झाले त्या पहिल्या वर्षी डिसेंबरअखेर नोटीसबोर्डावर चार ओळी लावल्या होत्या. 'आपल्या सोसायटीचे सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी व लिफ्ट कर्मचारी यांचे वर्षभराच्या सेवेबद्दल मनःपूर्वक आभार.' खाली सही, शिक्का. मला ते पुरेसं वाटलं होतं.

जानेवारीत एजन्सीने आमच्या दिवसपाळीच्या काकांना दुसऱ्या साइटवर टाकलं. जायच्या आदल्या दिवशी ते ऑफिसात आले आणि म्हणाले, "मॅडम, तो बोर्डावरचा कागद मिळंल का मला? तिकडं दाखवायला होईल." मी पिना काढून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "याच्यात मी कुठंय?"

चार वर्षं ते आमच्या गेटवर उभे होते. मी त्यांना घाईघाईने एक दाखला टाइप करून दिला, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. पुढच्या डिसेंबरला आभार मानायचे तर कागदावर माणसाचं नाव हवं आणि त्याने काय केलं तेही हवं, हे तेव्हाच ठरवलं. हा सगळा त्याचाच वृत्तांत आहे. नावं मात्र इथे देत नाही. ती आमच्या बोर्डावर आहेत आणि ज्यांची त्यांच्या खिशात आहेत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कामाला लागले. पहिली अडचण नावांचीच निघाली. रात्रपाळीच्या काकांचं आडनाव एजन्सीच्या हजेरीपत्रकावर एक होतं, आधार कार्डावर दुसरं. हजेरीपत्रकावर कोणीतरी कधीतरी चुकीचं लिहिलं आणि तेच महिन्यामागून महिना उतरत राहिलं. जिने झाडणाऱ्या मावशींचं नाव तर आमच्या व्हाउचरवरही नव्हतं. तिथे 'सफाई' एवढंच लिहून पुढे रक्कम आणि सही. नऊ वर्षं त्या येतात आणि छप्पन्न घरांत त्यांचं पूर्ण नाव सांगू शकेल असं एकही माणूस मला सापडलं नाही. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आधारवर सासरचं हाय, लोक बोलवत्यात माहेरचं. तुमी आधारवरलंच लिवा. बँकेत त्येच चालतं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा कागद पुढे कुठेतरी दाखवला जाणार, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. म्हणून सगळ्यांची नावं मी कार्ड समोर ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवून लिहून घेतली.

आणखी एक नाव राहूनच गेलं असतं. दिवसपाळी आणि रात्रपाळी, दोघांची पाळी बारा बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ आणि तिथून पुन्हा सकाळी आठ. आठवड्यातून एकदा त्यांची सुट्टी असते, त्या दिवशी रिलीव्हर येतो. हा माणूस रोज वेगळ्या सोसायटीच्या गेटवर असतो, त्यामुळे तो कुठल्याच सोसायटीचा नसतो. दिवाळीची मिठाई वाटली जाते त्या दिवशी त्याची ड्यूटी दुसरीकडे असते. मला तो सापडला तो रजिस्टरातल्या अक्षरावरून. दर बुधवारी रात्री अक्षर बदलत होतं.

ते रजिस्टर मी तीन संध्याकाळी बसून वर्षभराचं वाचलं. पाहुण्यांची वही वेगळी, हे चार्ज देण्या-घेण्याचं. बहुतेक पानांवर तेच ते. 'चार्ज घेतला. टॉर्च 1, काठी 1, चाव्या 14. सर्व ठीक.' पानं उलटताना डोळे मिटायला लागतात. पण जुलैच्या एका पानावर हे होतं:

'रात्री 3.10. पाऊस फार जोरात. बी विंग लिफ्टच्या खाली पाण्याचा आवाज. लिफ्ट चौथ्या मजल्यावर नेली, रिकामी बघून गच्चीवरून मेन बंद केला. ए विंगला पण तेच केलं. पाट्या लावल्या. 3.50.'

ती सकाळ मला आठवते. दोन्ही लिफ्ट बंद म्हणून ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पडला होता आणि त्यात माझाही एक मेसेज होता. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो, त्यात त्या पहाटे पाणी भरलं होतं. त्या चाळीस मिनिटांत काकांनी नेमकं काय वाचवलं, हे मला लिफ्टचे टेक्निशियन दादा सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

लिफ्टच्या पेटीखाली एक जाड केबल झोळीसारखी लोंबत असते. दिवा, पंखा, आतली बटणं, सगळ्याच्या तारा त्यातून जातात. लिफ्ट तळमजल्यावर असली की ही झोळी थेट खड्ड्यात उतरते. खड्ड्यात पाणी असेल तर केबल भिजते, शिवाय पेटीच्या खालच्या बाजूचे स्विच भिजतात आणि पुढचे कित्येक दिवस लिफ्ट कधी चालते, कधी मध्येच थांबते. पेटी वर नेली की झोळीही वर उचलली जाते. मात्र लिफ्ट वर नेऊन नुसतं सोडून चालत नाही. कोणीतरी खालून बटण दाबलं की ती पुन्हा पाण्यात येते. म्हणून मेन बंद करायचा, आणि मेन असतो गच्चीवरच्या मशीन रूममध्ये. म्हणजे काका त्या पावसात चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत चढले, पायऱ्यांनी तळापर्यंत उतरले आणि दुसऱ्या विंगला पुन्हा तेच केलं. त्यांचं वय अठ्ठावन्न आहे. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी विचारलं. "लिफ्टवाल्या दादांनी सांगितल्यालं, मागल्या पावसाळ्यात. ध्यानात ठिवलं." एवढंच उत्तर.

मग मी दादांच्या सर्व्हिसिंगच्या दिवशी सुट्टी टाकली. ते महिन्यातून एकदा येतात, बरोबर एक मदतनीस असतो, आणि एका लिफ्टला दीड तास तरी लागतो. मशीन रूमच्या दाराच्या आत त्यांचं कार्ड टांगलेलं असतं. तारीख, काय केलं, काय बिघडलं होतं, सही. या कार्डावर गेल्या वर्षी 'दार' हा शब्द इतक्या वेळा होता की मी कारण विचारलं.

दादांनी मला पाचव्या मजल्यावर नेऊन दाराचा उंबरा दाखवला. धातूची पट्टी आणि तिच्यात बोटभरही नसलेली खाच. दार याच खाचेत सरकतं. त्यात एखादा खडा, केसांची पिन, बिस्किटाच्या पुड्याचा तुकडा अडकला की दार दोन-तीन मिलिमीटर उघडं राहतं. बघणाऱ्याला ते बंदच दिसतं. पण प्रत्येक मजल्याच्या दाराला कुलपाशी एक विजेचा संपर्क असतो आणि ते सगळे एकापाठोपाठ एक, एकाच साखळीत जोडलेले असतात. एक जरी जुळला नाही तरी लिफ्ट हलत नाही. ती तशीच बनवलेली असते, कारण दार उघडं असताना लिफ्ट चालली तर माणूस खाली पडेल. म्हणजे पाचव्या मजल्यावर एक खडा आणि सातही मजल्यांची लिफ्ट बंद. दादांनी खिशातून एक वाटाण्याएवढा खडा काढला. आदल्या महिन्याच्या खोळंब्याचा खडा होता तो, त्यांनी मला दाखवायलाच जपून ठेवला होता.

"पण यंदा कार्डावर दार कमी दिसतंय," मी म्हटलं.

"ते मावशींमुळे," दादा म्हणाले.

हे मला माहीतच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जिन्यात गेले. मावशी वरून खाली झाडत येतात. गच्चीचं दार, मग सातवा, सहावा, असं. खालून सुरुवात केली तर वरची धूळ पुन्हा झाडलेल्या पायरीवर येते. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर आल्या की त्या केर लिफ्टच्या दिशेने ओढत नाहीत, उलट बाजूला, जिन्याकडे ओढतात. मग कमरेच्या पिशवीतून जुना दात घासायचा ब्रश काढतात, उकिडव्या बसतात, खाचेतून ब्रश दोनदा फिरवतात आणि निघालेला कचरा सुपलीत घेतात. पुसायचा दिवस असेल तर लिफ्टपुढचा हातभर भाग पिळून घेतलेल्या फडक्याने पुसतात, तिथे बादलीचं पाणी ओतत नाहीत. पाणी उंबऱ्यावरून आत गेलं तर थेट खाली खड्ड्यात जातं आणि वाटेत दाराच्या संपर्कांवर पडतं. दोन विंगमध्ये मिळून सोळा उंबरे, तळमजला धरून. एका उंबऱ्याला मिनिटभर. आमच्या करारात यातलं काही लिहिलेलं नाही. जिने, पॅसेज, पार्किंग, कचरा उचलणं एवढंच आहे.

"दादांनी एकदा दाखवलं खडा कसा अडकतो त्ये. म्हनलं, आपल्याच हातनं जात असंल तर आपनच काढावा," मावशी म्हणाल्या. त्या बोलताना ब्रश थांबला नव्हता.

तोपर्यंत मी तिघांसाठी तीन वेगळे परिच्छेद लिहायचे ठरवले होते. आता कळलं की काम तसं वेगळं नाहीच. दादांनी काकांना पाण्याचं सांगितलं, मावशींना खड्याचं सांगितलं, दोघांनी ते लक्षात ठेवलं, आणि आमची लिफ्ट चालू राहिली. ऑक्टोबरातल्या एका रात्री तर तिघांपैकी दोघांची गाठ एकाच वेळी पडली होती.

वीज गेली आणि ए विंगच्या आजी तिसऱ्या-चौथ्या मजल्यामध्ये अडकल्या. वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेणारी एक बॅटरी असते, पण ती त्या दिवशी अपुरी पडली. बॅटरी बदलावी असं दादांनी आधीच कळवलं होतं आणि कमिटीकडे तो विषय लांबला होता. तो दोष आमचा होता आणि आभाराच्या कागदात तो मी लिहिला. काका धावत वर गेले. तोवर दोन-तीन सदस्य दार उचकटायला पुढे झाले होते. काका दाराला पाठ लावून उभे राहिले आणि कोणालाही हात लावू दिला नाही. दादांना फोन केला आणि दाराच्या फटीतून आजींशी बोलत राहिले. खाली बसा, दाराला टेकू नका, हवा येतीय, दादा निघालेत. पेटी दोन मजल्यांमध्ये असताना दार उघडलं तर पेटीच्या खाली मोकळा बोगदा असतो. बाहेर पडायच्या घाईत माणूस त्यातून खाली जातो.

दादा पस्तीस मिनिटांत पोहोचले. त्यांनी काय केलं ते मी या वेळी मशीन रूममध्ये समजून घेतलं. आधी मेन बंद. मग मदतनीस हाताने मोटरचं चाक धरतो, दादा ब्रेकचा दांडा जरासा सोडतात, लगेच पकडतात, पुन्हा जरासा सोडतात. दोरांवर रंगाच्या खुणा केलेल्या असतात, त्यावरून पेटी मजल्याला लागली की नाही ते कळतं. मला वाटायचं ब्रेक सोडला की लिफ्ट खाली जाते. उलट आहे. दोरांच्या दुसऱ्या टोकाला जे वजन असतं ते पेटीपेक्षा जड असतं, पेटीच्या क्षमतेच्या साधारण निम्म्याने. आमची लिफ्ट सहा माणसांची, 408 किलोची. म्हणजे ते वजन रिकाम्या पेटीहून दोनशे किलोच्या आसपास जास्त. आत एकट्या आजी, पन्नास किलोच्या. म्हणून ब्रेक सुटला तशी पेटी हळूहळू वर चढली आणि आजी चौथ्या मजल्यावर उतरल्या. त्या घरी जाईपर्यंत काका बरोबर होते.

एवढं हाती आल्यावर कागद लिहिणं अवघड गेलं नाही. फक्त मोठे शब्द गाळावे लागले. पहिल्या मसुद्यात मी 'अहोरात्र', 'निःस्वार्थ' असं बरंच लिहून ठेवलं होतं. तारीख आणि काम लिहिल्यावर ते शब्द पोकळ वाटायला लागले. निःस्वार्थ तर खोटंच होतं. ते पगारासाठी येतात आणि आले पाहिजेत. काकांच्या कागदातला मुख्य भाग असा झाला:

'आपण आमच्या सोसायटीत 3 वर्षांपासून रात्रपाळीला आहात. या जुलैत पहाटे 3.10 वाजता लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरत असल्याचे आपण ओळखले, दोन्ही लिफ्ट वर नेऊन सुरक्षितपणे बंद केल्या. त्यामुळे दोन्ही लिफ्ट त्याच दिवशी दुपारी सुरू होऊ शकल्या. ऑक्टोबरमध्ये लिफ्टमध्ये अडकलेल्या ज्येष्ठ सदस्याला आपण धीर दिला आणि दार उघडू न देऊन त्यांचा जीव धोक्यात येऊ दिला नाही. जुलैतल्या त्या सकाळी लिफ्ट बंद असल्याबद्दल आम्ही आपल्याला बोललो, ते चुकीचे होते.'

कमिटीत शेवटच्या वाक्यावर चर्चा झाली. लेटरहेडवर अशी कबुली कशाला, असं एकांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, बोललो ते सगळ्यांसमोर, मग हेही सगळ्यांसमोर येऊ दे. अध्यक्षांनी दोनदा वाचलं आणि सही केली. त्याच बैठकीत बॅटरी बदलायचा ठरावही झाला.

पैशाचं थोडक्यात सांगते. एजन्सीच्या बिलात बोनसची 8.33 टक्क्यांची ओळ असते आणि ती रक्कम सोसायटी भरतेच. म्हणून आधी दोन्ही काकांना एकेकटं गाठून विचारलं की दिवाळीला बोनस हातात पडला का. पडला होता. हे विचारून घ्यावं, कारण ती त्यांच्या कामाची रक्कम आहे, आपलं पाकीट तिच्या जागी चालत नाही. पाकिटासाठी घरटी दोनशे रुपये ऐच्छिक ठेवले. एकोणपन्नास घरांनी दिले, 9,800 जमले. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या रिलीव्हरला किती, यावर मी अडले होते. शेवटी सगळ्यांना सारखंच दिलं. दादांनी पाकीट घेतलं नाही. कंपनीत चालत नाही म्हणाले. त्याऐवजी त्यांनी एक मागितलं, की हाच मजकूर त्यांच्या सर्व्हिस मॅनेजरला सोसायटीच्या मेलवरून जावा, नाव आणि दोन्ही तारखांसह. कंपनीत नोंद होते ती तक्रारीच्या फोनची, चांगल्या कामाची होत नाही. तो मेल त्याच रात्री गेला.

वाटायची वेळ सकाळी आठची ठरवली, डिसेंबरचा शेवटचा रविवार. संध्याकाळी सदस्य जास्त जमले असते, पण दोन्ही पाळ्यांचे काका आणि मावशी, कचरा नेणारा त्यांचा मुलगा, हे सगळे एकाच वेळी आवारात असतात ते फक्त सकाळी आठला, चार्ज बदलताना. वीसेक सदस्य स्वेटर घालून उतरले. मी कागद वाचून दाखवले, कारण मावशींना वाचता येत नाही. उंबऱ्याच्या खाचेचं आणि ब्रशचं वाचलं तेव्हा सदस्यांत एकदम शांतता झाली. पाचव्या मजल्यावरची एक मुलगी म्हणाली, "मावशी, मी रोज बघते तुम्हाला ते करताना, मला वाटायचं काही पडलंय तुमचं." मावशींनी पदराने तोंड पुसलं, कागद हातात घेतला आणि मुलाला विचारलं, "नाव नीट हाय ना?" त्याने बोट ठेवून तीनही शब्द वाचून दाखवले. मग त्यांनी कागदावर स्वतः बोट फिरवलं.

आजी खुर्ची मागवून बसल्या होत्या. काकांचा कागद वाचून झाल्यावर त्यांनी काकांना जवळ बोलावलं आणि स्वतः केलेले तिळाचे लाडू दिले. संक्रांतीला अजून पंधरवड्याहून जास्त वेळ होता. "तोवर माझा काय भरवसा," म्हणाल्या. काका म्हणाले, "असं बोलायचं नाही आजी," आणि डबा घेऊन त्यांच्या पाया पडले.

प्रत्येकाला दोन प्रती दिल्या, दोन्हींवर ओली सही आणि शिक्का. एक घरी ठेवायला, एक दाखवायला. दादांची प्रत मशीन रूममध्ये त्यांच्या कार्डाशेजारी टांगली आहे, त्यांनीच तिथे लावायला सांगितलं.

राहिला होता रिलीव्हर. त्याची पाळी बुधवारी, म्हणजे नेमकी एकतीस तारखेच्या रात्री होती. मी आठला खाली जाऊन कागद आणि पाकीट दिलं. वयाने चोविशीतला मुलगा आहे, हिंगोलीकडचा. त्याने टेबलाच्या दिव्याखाली कागद धरून सावकाश वाचला आणि जरा चाचरत म्हणाला, "मॅडम, यात सप्टेंबर लिवलंय. मी ऑगस्टला लागलो इथं. सहा ऑगस्ट." आम्ही दोघांनी रजिस्टर काढून पान शोधलं. सहा ऑगस्ट, रात्री आठ, तेच अक्षर, 'चार्ज घेतला'. मी वर गेले, दोन्ही प्रती नव्याने काढल्या, शिक्का मारला आणि बाराच्या आत त्याला आणून दिल्या.